उसाच्या कांडीला पीएसबी लावताना: कोल्हापूरच्या रानासाठी टप्प्याटप्प्याने

पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. दुकानात याची पुडी घ्यायला गेलात की हमखास ऐकायला मिळतं, "हे लावा, डीएपी बंद करा." तिथेच पहिली गल्लत होते. हे जिवाणू बाहेरून स्फुरद आणत नाहीत. आपण वर्षानुवर्षं टाकलेल्या डीएपी आणि सुपर फॉस्फेटमधला जो भाग मातीत अडकून पडलाय, त्यातला थोडा ते मुळाला मिळेल असा करून देतात. रानात अडकलेलं काही असेल तर त्यांना काम आहे, नसेल तर नाही. पुढचं सगळं एवढं धरूनच वाचा.

उदाहरण सुरू हंगामातल्या एक एकर लागणीचं घेतो, कारण त्याचा हिशेब सोपा बसतो. आडसाली आणि पूर्वहंगामीला पद्धत हीच, फक्त खताचे आकडे मोठे.

१. आधी आपलं रान ओळखा

स्फुरदाचं खत टाकलं की पहिल्या हंगामात पिकाच्या तोंडी त्यातला लहानसा हिस्साच जातो. उरलेला कशाला चिकटतो ते जमिनीवर ठरतं. शिरोळ-हातकणंगले बाजूच्या काळ्या, चुनखडीच्या रानात तो चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला, बांधला जातो. राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीच्या तांबड्या आंबट जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. पीएसबीचे जिवाणू ग्लुकॉनिक, सायट्रिक अशी सेंद्रिय आम्लं सोडतात. त्या आम्लाने कॅल्शियमची पकड सुटते, लोह-ॲल्युमिनियमची सैल होते. शेणखत-पाचटातला सेंद्रिय स्फुरद मोकळा करायला ते फॉस्फटेज नावाचं विकरही सोडतात.

आता अडचण. जमिनीत मुक्त चुना फार असेल तर जिवाणूने सोडलेलं आम्ल चुनाच खाऊन टाकतो आणि स्फुरदापर्यंत फारसं काही पोहोचत नाही. माती परीक्षणाच्या कार्डावर मुक्त चुन्याचा आकडा असला तर तो आधी बघा. कार्ड नसेल तर रानात पांढरे चुनखडीचे खडे किती लागतात त्यावरूनही अंदाज येतो. दुसरी अडचण सेंद्रिय कर्बाची. जिवाणूला खायला कर्ब लागतो. पाचट जाळून आणि शेणखत न घालता वर्षं काढलेल्या रानात पुडी ओतणं म्हणजे पाहुण्याला बोलवून चूल न पेटवण्यासारखं आहे.

माती परीक्षण मागचं पीक निघाल्यावर, पुढचं खत टाकायच्या आधी करा. एकरभरात आठ-दहा ठिकाणी नागमोडी चालत जा, इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेचा वरपासून खालपर्यंत सारखा पापुद्रा काढा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरेल तेवढं ठेवा. बांधाकडची, झाडाखालची आणि उकिरड्याच्या जागची माती घेऊ नका. सावलीत वाळवा.

कार्डावरचा स्फुरदाचा आकडा हा उपलब्ध स्फुरदाचा असतो. अडकलेला किती आहे ते नेहमीची चाचणी सांगत नाही. त्यासाठी आपली जुनी बिलं आणि आठवण वापरावी लागते. दहा-पंधरा वर्षं ऊस आणि प्रत्येक लागणीला पोत्याने डीएपी, असं रान असेल तर साठा आहे असं धरायला हरकत नाही. नुकतंच माळ फोडून तयार केलेलं हलकं रान असेल तर साठा नसणार. तिथे पीएसबी लावा, पण त्याच्या भरवशावर स्फुरद कमी करू नका.

२. काय काय जवळ लागतं

मातीचा नमुना द्यायला नाव, गाव, गट नंबर, मोबाईल नंबर, मागचं पीक आणि पुढचं पीक लिहिलेली चिठ्ठी पुरते. गट नंबर पाठ नसेल तर सातबारा बरोबर ठेवा. नमुना जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत देता येतो. बऱ्याच साखर कारखान्यांचा ऊस विकास विभागही तो घेतो.

एक एकराच्या बेणेप्रक्रियेला एवढं साहित्य लागेल:

- दोन डोळ्यांच्या कांड्या, साधारण १० हजार
- पीएसबी ५०० ग्रॅम आणि उसासाठीचं ॲसिटोबॅक्टर ४ किलो, दोन्ही पावडर स्वरूपात
- कार्बेन्डाझिम आणि शिफारशीतलं एक कीटकनाशक
- औषधासाठी एक आणि जिवाणूसाठी दुसरं, अशी दोन वेगळी भांडी
- जाड प्लास्टिकचा कागद, जाळीच्या पिशव्या, हातमोजे
- सावली. झाड असो, मांडव असो, ही यादीतली सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट

ॲसिटोबॅक्टर मध्येच कुठून आलं, असं वाटेल. ते नत्राचं काम करतं. ब्राझीलमध्ये १९८८ साली उसाच्या आतच राहणारा हा जिवाणू वेगळा काढला गेला, आणि आपल्याकडची उसाची शिफारस दोन्ही एकत्र लावायची आहे. मी इथे पीएसबीवरच जास्त बोलतोय, कारण फसगत तिथे जास्त होते.

३. पुडी विकत घेताना

जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. म्हणजे पुडीवर जिवाणूचं नाव, उत्पादनाची तारीख, वापरण्याची शेवटची तारीख, बॅच नंबर आणि जिवाणूंची संख्या छापलेली असलीच पाहिजे. पावडरच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू लागतात आणि द्रवरूपाच्या एका मिलिलीटरमध्ये किमान १० कोटी. लेबलवर हेच 5 × 10⁷ आणि 1 × 10⁸ असं लिहिलेलं दिसेल. नावात बॅसिलस मेगाटेरियम, बॅसिलस पॉलिमिक्सा किंवा स्युडोमोनास स्ट्रायटा असं काहीतरी स्पष्ट हवं. नुसतं "सुपर रूट पॉवर" छापलंय आणि जिवाणूचं नावच नाही, तर ती बाटली तिथेच ठेवा.

पीएसबीला आणखी एक कसोटी आहे आणि ती बघण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत काचेच्या थाळीत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घातलेलं खाद्य ओततात. ते गोठलं की ताकासारखं पांढरट, अपारदर्शक दिसतं. त्यावर जिवाणू टाकून काही दिवस उबेला ठेवलं की जिवाणूच्या प्रत्येक ठिपक्याभोवती एक स्वच्छ गोल कडं तयार होतं. तेवढ्या भागातला फॉस्फेट विरघळलेला असतो, म्हणून खालचा कागद आरपार दिसतो. हे कडं किमान ५ मिलिमीटरचं पडलं पाहिजे असा नियम आहे. कृषी महाविद्यालयात किंवा कारखान्याच्या प्रयोगशाळेत ओळख असेल तर ही थाळी एकदा डोळ्यांनी बघा. पुडीत नेमकं काय विकत घेतो ते त्यानंतर कुणी समजावून सांगायला लागत नाही.

घरी मात्र जिवाणू जिवंत आहेत की मेलेले हे कळत नाही. पावडर बहुतेक काळी लिग्नाइटची असते, जिवंत असो वा मेलेली, सारखीच दिसते. कुजका वास आला, बाटली फुगली, उघडताना फुसकन गॅस निघाला, तर दुसरंच काहीतरी वाढलंय एवढं नक्की. पण हे काही नसलं म्हणून माल चांगलाच असं समजू नका. म्हणून खरा प्रश्न दुकानदाराला विचारायचा तो साठवणीचा. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढलेली पुडी तारखेत असली तरी कामाची नसते. कृषी महाविद्यालय पुणे, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा आपला कारखाना यांच्याकडून ताजा माल मागवलेला बरा, आणि तोही लागणीच्या आठवडाभर आधी. हंगामाच्या आधी स्वस्तात घेऊन माळ्यावर टाकण्यात काही फायदा नाही. बिल मात्र बॅच नंबर टाकून घ्या. उद्या तक्रार करायची झाली तर त्याच्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही.

४. बेणेप्रक्रिया: आधी औषध, मग जिवाणू

हा क्रम उलटा झाला तर सगळं वाया. पहिल्या भांड्यात १०० लिटर पाण्याला १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि लेबलप्रमाणे कीटकनाशक. त्यात कांड्या दहा-पंधरा मिनिटं बुडवा. बाहेर काढून सावलीत पसरा आणि वरचं पाणी पूर्ण सुकू द्या. ओल्या कांड्या तशाच दुसऱ्या भांड्यात टाकल्या तर औषधही त्यांच्याबरोबर जिवाणूंच्या पाण्यात जातं.

दुसऱ्या भांड्याची शिफारस १०० लिटर पाण्याला १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी अशी आहे आणि ती हेक्टरची आहे. एकराला ४० लिटर पाणी, ४ किलो ॲसिटोबॅक्टर, ५०० ग्रॅम पीएसबी. कांड्या यात अर्धा तास राहिल्या पाहिजेत.

कागदावर हे सोपं आहे. रानात अडतं ते असं की १० हजार कांड्या ४० लिटरमध्ये एका वेळी बुडत नाहीत, आणि उभ्या बॅरलमध्ये थोड्या थोड्या घातल्या तर दर खेपेला अर्धा तास धरून संध्याकाळ होते. मग गडी वैतागतात आणि पाच मिनिटांत कांड्या बाहेर. त्यावर उपाय म्हणजे सावलीत लांबट उथळ खड्डा काढून त्यात जाड प्लास्टिक अंथरायचं. कांड्या आडव्या, थराथराने रचता येतात, मधूनमधून उलटवता येतात आणि एका खेपेला बऱ्याच होतात. पाणी कांड्यांबरोबर जातच असतं. भर घालताना साधं पाणी ओतू नका, लिटरमागे १०० ग्रॅम ॲसिटोबॅक्टर आणि साडेबारा ग्रॅम पीएसबी हेच प्रमाण ठेवून ओता. म्हणून एखादी पुडी जादा आणलेली असावी. एका दिवसात लागण होईल तेवढ्याच कांड्यांना प्रक्रिया करा. माणसं कमी असतील तर एकर दोन दिवसांत वाटून घ्या. रात्रभर ठेवलेली प्रक्रियेची कांडी दुसऱ्या दिवशी उन्हात लावण्यापेक्षा हे बरं.

अर्धा तासच का, ते कांडी हातात घेतली की कळतं. डोळा बसलेल्या पेराभोवती बारीक ठिपक्यांची एक पट्टी असते. पहिली मुळं त्या ठिपक्यांतून फुटतात. पीएसबी तिथे बसलं पाहिजे, म्हणजे मूळ फुटतानाच त्याच्यावर जिवाणू असतील. ॲसिटोबॅक्टर कापलेल्या तोंडातून आणि याच ठिपक्यांतून आत शिरतं. पाला न काढलेल्या कांडीवर ही पट्टी झाकलेली राहते, म्हणून बेणं सोलून घ्यायला आळस करू नका. सोलताना विळा मात्र डोळ्याला लावू नका.

पाण्याचं एक. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं. तेच वापरायचं झालं तर रात्रभर उघडं ठेवा. विहिरीचं किंवा नदीचं पाणी चालतं. कीटकनाशकाचा जुना डबा धुऊन यासाठी वापरायचा नाही, कितीही धुतला तरी.

आणि ते गूळ घालून आठवडाभर बॅरलमध्ये "वाढवायचं" प्रकरण. आपल्याकडे गूळ घरचा, त्यामुळे मोह होतो. पण उघड्या बॅरलमध्ये गूळपाणी ठेवलं की त्यात सगळ्यात आधी वाढतात ते हवेतले आणि भांड्यातले भलतेच जिवाणू आणि यीस्ट. आठव्या दिवशी बॅरलमध्ये फेस भरपूर दिसतो, पीएसबी किती उरलं ते कुणालाच ठाऊक नसतं. एका पुडीचे पैसे वाचवायला हा उद्योग परवडत नाही.

५. लागण

प्रक्रिया केलेली कांडी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर लावा आणि लगेच मातीआड करा. सरीत पाणी सोडून पायाने कांडी दाबायच्या ओल्या लागणीत वरचे काही जिवाणू धुऊन जाणारच. कोरड्या लागणीत कांडी मातीने झाकून मग हलकं पाणी दिलं तर ते जागेवर राहतात. रान कोणतं त्यावर लागणीची पद्धत ठरते हे मान्य, पण दोन्ही जमत असेल तर या कामासाठी कोरडी बरी.

रोप लागण करणाऱ्यांनी रोपवाटिकेला विचारून घ्यावं की एक डोळ्याच्या कांडीला प्रक्रिया केली होती का. नसेल तर लावायच्या आधी ट्रेमध्येच जिवाणूंचं पाणी झारीने ओता, कोकोपीट ओलं होईपर्यंत.

लागणीचं खत आणि जिवाणू एकमेकांना चिकटता कामा नयेत. डीएपी, युरिया, पोटॅश सरीत टाकून मातीत मिसळा, मधे मातीचा थर येऊ द्या, मग कांडी. पीएसबीची पावडर डीएपीच्या पोत्यात कालवून फेकणारे मी दर हंगामात बघतो. खताच्या त्या खारट दाण्याला चिकटून जिवाणू जगत नाहीत.

६. खत किती कमी करायचं

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश अशी शिफारस आहे. एकराला स्फुरद झाला ४६ किलो. डीएपीच्या १०० किलोत बरोबर ४६ किलो स्फुरद असतो, म्हणजे ५० किलोची दोन पोती. शिफारशीत यातला अर्धा लागणीला आणि अर्धा मोठ्या भरणीला द्यायचा आहे. एक पोतं आता, एक भरणीला.

बेणेप्रक्रिया केल्यावर स्फुरद पाव हिस्सा कमी करता येतो असं विद्यापीठाची शिफारस सांगते. दोन पोत्यांचं दीड पोतं. माझं मत, हे अर्धं पोतं लागणीतून काढू नका, भरणीतून काढा. कोवळ्या मुळाला पहिल्या दोन महिन्यांत स्फुरद हातासरशी लागतो आणि तेव्हा जिवाणूंचा अजून जम बसलेला नसतो. शिवाय लागणीच्या एका पोत्यातून ९ किलो नत्रही मिळतं आणि सुरूला लागणीच्या वेळी एकरी १० किलोच नत्र द्यायचं असतं, त्यामुळे तिथला हिशेब बिघडत नाही. भरणीला अर्धं पोतं डीएपी कमी केलं की साडेचार किलो नत्रही कमी होतं, ते १० किलो युरियाने भरून काढा. हे पुष्कळजण विसरतात, पान पिवळट दिसलं की दोष जिवाणूंना देतात.

ॲसिटोबॅक्टरमुळे नत्र निम्म्यावर आणता येतं असं त्याच शिफारशीत आहे. पहिल्याच वर्षी सगळ्या रानात तेवढं धाडस करू नये असं मला वाटतं. दोन्ही खतं एकदम कमी केली आणि ऊस बारीक राहिला, तर कशाने झालं ते सांगता येत नाही. आधी स्फुरदाचं बघा.

७. पट्टा राखून ठेवा

सगळ्या एकराला पीएसबी लावलं आणि ऊस चांगला आला तर पावसाने आला की पुडीने, कोण सांगणार? म्हणून रानाच्या मधोमध, बांधाजवळ नव्हे, पाच गुंठ्यांचे दोन पट्टे सोडा. एकात जिवाणू नाहीत, डीएपी पूर्ण दोन पोत्यांच्या हिशेबाने. दुसऱ्यात जिवाणू नाहीत आणि डीएपीही दीड पोत्याच्याच हिशेबाने. हा दुसरा पट्टा महत्त्वाचा. त्यातही ऊस बाकीच्या रानाइतकाच आला, तर मातीतच स्फुरद पुरेसा होता आणि पीएसबीला श्रेय द्यायचं कारण नाही. अशा रानात पुडीशिवायही डीएपी कमी करता येईल, तेवढं कळलं तरी पैसे वसूल.

दीड महिन्याने उगवण मोजा, चौथ्या महिन्यात फुटवे. प्रत्येक पट्ट्यात सरीची सारखी लांबी, समजा दहा मीटर, दोन-तीन ठिकाणी मोजून वहीत लिहा. पान किती काळंभोर दिसतं यावर जाऊ नका, तो बहुतेक युरियाचा रंग असतो. एखादं बेट उपटून मुळं बघितली तरी चालतील. हे जिवाणू मुळांची वाढ करणारी संजीवकंही सोडतात, त्यामुळे पांढऱ्या बारीक मुळांचा झुपका दाट दिसू शकतो. शेवटी वजन. तोडणीच्या वेळी मुकादमाला आधीच सांगून पट्ट्यांचा ऊस वेगळ्या मोळ्या बांधून मोजून घ्या. टोळी याला कुरकुर करते, चहापाण्याची सोय ठेवा.

फरक दिसला नाही असंही होतं. मुक्त चुना फार, सेंद्रिय कर्ब कमी, पाणी साचून राहणारं किंवा खारवट रान, यातलं एखादं असेल तर आधी ते दुरुस्त करायचं. दुसरी पुडी आणून उपयोग नाही.

८. खोडव्याला

कांडी नाही म्हणजे बुडवणं नाही. इथे पाचट न जाळता सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा आणि एकरी साधारण २ किलो पीएसबी शंभर किलो कुजलेल्या, थंड झालेल्या शेणखतात मिसळून सावलीत झाकून ठेवा. रानाला घात असताना बुडख्याच्या बाजूने देऊन मातीने झाका. शेणखतात हात घातल्यावर ऊब लागत असेल तर ते अजून कुजतंय, त्यात जिवाणू मिसळू नका. खोडव्याचं रासायनिक खत पहारीने भोक घेऊन देता तेव्हा ते बेटाच्या दुसऱ्या बाजूला द्या, आणि दोन्हींमध्ये आठ-दहा दिवसांचं अंतर राहू द्या. बुडख्यावर बुरशीनाशक फवारायचं असेल तर ते छाटणीच्या दिवशीच उरका, जिवाणू त्याच्यानंतर.